छोट्या कंपनीसाठी छळवणूक-विरोधी धोरण लिहितेय, मसुदा तपासून द्याल का? (अंबड एमआयडीसी, नाशिक)

वृषाली_अंबड

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. पगारपत्रकावर १७ जण, ठेकेदाराचे ५ हेल्पर आणि २ ट्रेनी. मी अकाउंट्स बघते आणि एचआरचं जे काही असतं तेही माझ्याकडेच आहे.

मागच्या महिन्यात एक ट्रेनी मुलगा न सांगता यायचा बंद झाला. फोनवर तो काही बोलेना, शेवटी त्याच्या आईने सांगितलं. आमचा एक लाइन सुपरवायझर त्याला त्याच्या गावाकडच्या बोलण्यावरून ठेवलेल्या नावाने हाक मारायचा. पार्ट रिजेक्ट झाला की तो हातात धरून सगळ्यांसमोर उभं करायचा, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याची नक्कल केलेल्या व्हॉइस नोट आहेत, त्या मी स्वतः ऐकल्या. हे कानावर गेल्यावर पॅकिंगमधल्या एक ताई जिन्यात भेटल्या. तोच माणूस त्यांच्या कपड्यांवरून बोलतो आणि रात्री उशिरा मेसेज पाठवतो. लिहून द्याल का विचारलं तर म्हणाल्या, "कोणाकडे द्यायचं तेच माहीत नाही, आणि तो तर आमच्या लाइनचाच वरिष्ठ."

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले पॉलिसी बनव, मी सही करतो. नेटवरचे नमुने मोठ्या कंपन्यांचे, तीस-तीस पानांचे आहेत. मला दोन पानांत हवंय, आणि हेल्परलाही वाचून कळायला हवं. पहिला मसुदा असा आहे:

१. कोणाच्याही भावना दुखावतील असे कोणतेही वर्तन म्हणजे छळ.
२. छळ झाल्यास कर्मचाऱ्याने आपल्या वरिष्ठाकडे लेखी तक्रार करावी.
३. व्यवस्थापन योग्य ती चौकशी करून योग्य ती कारवाई करेल.
४. खोटी तक्रार करणाऱ्यावर कडक कारवाई होईल.

काय बदलू?

सातपूरकर

ताई, माझं सातपूरला टर्निंगचं वर्कशॉप आहे, म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो. पहिलं कलम असंच ठेवलंत तर तुमचा एकही सुपरवायझर तोंड उघडणार नाही. जॉब रिजेक्ट झाला, कारण विचारलं, की समोरच्याच्या भावना दुखावल्याच. सेफ्टी शूज न घालता प्रेसवर उभा राहिला म्हणून ओरडलो तरी दुखावल्या. प्रेसवर माणसाचं बोट जातं हो, तिथे गोड बोलत बसता येत नाही.

बाकी फार डोकं लावू नका. बायकांसाठी लैंगिक छळाविरोधी कायद्याचं, म्हणजे पॉशचं पोस्टर लावा. ठेकेदाराची माणसं तुमची नाहीत, त्यांचं तो बघेल. समिती करावीच लागली तर शेठच्या मिसेस डायरेक्टर असतीलच, त्यांना अध्यक्ष करा, घरातल्या घरात राहतं. आणि चौथं कलम मात्र ठेवाच.

बाळासाहेब_सिन्नर

आम्हालाही कस्टमरच्या ऑडिटला ही पॉलिसी लागते आहे. ताई, तुमची झाली की पीडीएफ टाका, आम्ही लेटरहेड बदलून घेतो.

शिफ्टवाला

मी कामगार आहे म्हणून दुसऱ्या कलमावर बोलतो. आधीच्या कंपनीत मी असाच अर्ज दिला होता. नियम होता, आपल्या वरिष्ठामार्फत अर्ज द्यायचा. माझा वरिष्ठ म्हणजे ज्याच्याबद्दल अर्ज होता तोच. मग मी थेट ऑफिसात नेऊन दिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला अर्जातली वाक्यं पाठ होती. पुढे तीन आठवडे सलग तिसरी शिफ्ट लागली आणि ओव्हरटाइम बंद झाला. मारलं नाही, शिवी दिली नाही. पण घरी हप्ता भरायला पैसे नव्हते. नंतर मीच सोडलं.

तुमच्या ताईंनी जिन्यात सांगितलं, ते बरोबर केलं. कागदावर सही केली की तो कागद कुठे फिरतो ते आम्हाला दिसत नाही.

प्रसाद_गोंदे

मी गोंद्याला एका मोठ्या कारखान्यात एचआरला आहे. वृषालीताई, शिफ्टवाल्यांनी जे सांगितलं ते धरूनच धोरण लिहायला घ्या. व्याख्या नंतर सुधारता येते, पण तक्रार चुकीच्या हातात पडली तर माणूस परत येत नाही.

तुमचा पहिला आणि मोठा प्रश्न असा की तुमच्याकडे एकाच माणसाबद्दल दोन गोष्टी आल्यात आणि त्यांचे रस्ते वेगळे आहेत. ट्रेनीच्या बाबतीत झालं ती दादागिरी. खासगी कंपनीतल्या अशा वागण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून तुमचं धोरण म्हणेल तीच व्याख्या आणि तीच पद्धत. पॅकिंगच्या ताईंचं प्रकरण २०१३ च्या पॉश कायद्याखाली येतं. तिथे पद्धत ठरवण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि साहेबांनाही नाही. एकाच कलमात दोन्ही घातलंत की पहिली चूक तिथेच होते. एचआर 'समजावून सांगतं', सुपरवायझर माफी मागतो, फाइल बंद. दादागिरीत हे कधी कधी चालतं. लैंगिक छळाच्या तक्रारीत हे करण्याचा अधिकारच तुमच्याकडे नाही.

आता व्याख्या. सातपूरकरांचा आक्षेप बरोबर आहे. भावना हे माप धरलं तर सगळंच छळ होतं, आणि मग कुठलीच तक्रार टिकत नाही. समोरच्याने काय केलं ते धरा. आमच्याकडे असं लिहिलंय:

"एखाद्या व्यक्तीला अपमानित करणारे, घाबरवणारे किंवा एकटे पाडणारे वर्तन, जे वारंवार घडते, किंवा एकदाच घडले तरी गंभीर आहे, आणि जे कोणत्याही समंजस माणसाला कामासाठी गरजेचे वाटणार नाही."

याच्या खाली तुमच्या शॉपवर खरोखर घडतात अशी पाच-सहा उदाहरणं द्या. गावावरून, जातीवरून, बोलण्यावरून, दिसण्यावरून नाव ठेवणं. शिक्षा म्हणून जेवणाची सुट्टी किंवा पाण्याला जाणं रोखणं. ग्रुपवर नक्कल, फोटो, व्हॉइस नोट. कोणी तक्रार केली म्हणून शिफ्ट किंवा ओव्हरटाइम बदलणं. हेल्पर व्याख्या वाचत नाही, उदाहरणं वाचतो.

आणि काय छळ नाही तेही तितक्याच ठळकपणे लिहा. पार्ट रिजेक्ट करणं, त्याचं कारण विचारणं, सेफ्टीसाठी जागच्या जागी ओरडून थांबवणं, उशिरा आल्याची नोंद करणं, कारण देऊन मेमो देणं. हे असलं की सुपरवायझरही धोरणाच्या बाजूने उभे राहतात.

सातपूरकर

हे पटलं. पण "समंजस माणूस" कोण ठरवणार? माझ्या वर्कशॉपात शिवी ही शिवी नसतेच, ती बोलण्याची रीत आहे.

प्रसाद_गोंदे

सातपूरकर, चौकशीत आम्ही तीन गोष्टी विचारतो, त्यातून बरंच स्पष्ट होतं. बोलणं कामाबद्दल होतं की माणसाबद्दल? "पार्टच्या कडेला बर का राहिला" हे कामाबद्दल, "तुमच्या गावाकडचे सगळे असलेच" हे माणसाबद्दल. तीच चूक दुसऱ्याने केली तर त्यालाही तसंच वागवलं का? आणि त्या माणसाला पुढे काय सुधारायचं ते कळलं का? वृषालीताईंचा ट्रेनी सुट्टीत पार्ट धरून उभा राहिला, त्यातून त्याला डाय सेटिंग कळलं नाही, बघणाऱ्यांना फक्त तमाशा मिळाला. सगळेच एकमेकांना शिव्या देतात त्या लाइनवरही एकालाच वेगळं काढलेलं असतं, ते या तीन प्रश्नांत दिसतं.

अ‍ॅड_नीलिमा

मी नाशिकमध्ये काही युनिट्सच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. सातपूरकर दादांच्या पहिल्या प्रतिसादातल्या तीन गोष्टी तशाच राहू देता येणार नाहीत.

पोस्टर लावून काम होत नाही. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लेखी आदेशाने नेमावी लागते. न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. माणसं मोजताना ठेकेदाराची, रोजंदारीची आणि ट्रेनीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे अंबडच्या युनिटमध्ये २४ माणसं आहेत. पॅकिंगच्या ताई ठेकेदाराच्या असल्या तरी तुमच्या आवारात घडलेली त्यांची तक्रार तुमच्याच समितीकडे येणार.

शेठच्या पत्नीला अध्यक्ष करण्याचा सल्ला मला जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतो. अध्यक्ष ही तिथे वरच्या पातळीवर नोकरी करणारी स्त्री असावी लागते. कागदावरची डायरेक्टर, जी महिन्यात एकदा सह्यांना येते, ती नोकरी करणारी होत नाही. शिवाय सुपरवायझर शेठचा विश्वासू माणूस असेल तर त्या घरातल्या व्यक्तीपुढे कोण मोकळं बोलेल? अशा समितीचा निकाल पुढे अपिलात याच मुद्द्यावर पडू शकतो. वृषाली, तुम्ही स्वतः अध्यक्ष होऊ शकता. तुमच्यासोबत कर्मचाऱ्यांमधले किमान दोन सदस्य आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती. एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बाहेरच्या सदस्याला नियमात दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च लिहिलाय. त्यापेक्षा जास्त मानधन आपसात ठरतं, तेव्हा आधी विचारून घ्या.

आता चौथं कलम. ते आज असं आहे की पॅकिंगच्या ताई वाचतील आणि घरी जातील. कायदा म्हणतो ते वेगळं आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिला हे चौकशीत सिद्ध झालं तरच कारवाई. तक्रार सिद्ध करता आली नाही, पुरावा कमी पडला, साक्षीदार फिरला, एवढ्यावरून तिला खोटी म्हणता येत नाही. बंद जिन्यात घडलेल्या गोष्टीला साक्षीदार आणायचा कुठून? हे वाक्य धोरणात याच अर्थाने लिहा, आणि त्याच्याआधी सूड घेण्यावर बंदी लिहा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वाचणारी तिथेच ठरवते की पुढे जायचं की नाही.

शिफ्टवाला

मॅडम, ठेकेदाराची माणसं मोजायची हे आमच्या ठेकेदाराला कोणी सांगितलं नसणार. त्याच्याकडे समिती हा शब्दच नाही.

मधुरा_कॉलेजरोड

मी शाळेत शिकवते. आमच्याकडे मुलं एकमेकांना चिडवतात तेव्हा आम्ही दोघांना समोरासमोर बसवतो आणि मिटवतो. तुम्ही इतकं कायद्यात का शिरताय? सुपरवायझर आणि तो मुलगा, दोघांना चहाला बसवून बोलून बघितलं तर?

अ‍ॅड_नीलिमा

मधुराताई, दोन मुलं सारख्या वयाची आणि सारख्या ताकदीची असतील तर बसवता येतं. इथे एकाच्या हातात दुसऱ्याची शिफ्ट, ओव्हरटाइम आणि ट्रेनिंगचा शेरा आहे. समोर बसवलं की तो मुलगा "काही नाही सर" म्हणेल.

पॅकिंगच्या ताईंच्या बाबतीत कायद्यात समझोत्याची सोय आहे, पण तिला कडक अटी आहेत. मागणी फक्त तक्रारदार स्त्रीने करायची, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर समझोता होत नाही. "आपण मिटवून टाकू" हे एचआरने सुचवणं यात बसत नाही. वृषाली, हे वाक्य स्वतःच्या टेबलाजवळ लिहून ठेवा. चांगल्या मनाच्या माणसांकडूनच हे जास्त होतं.

वृषाली_अंबड

सगळ्यांचे आभार. अध्यक्ष मी होऊ शकते हे नवीन कळलं. पण मग दादागिरीची तक्रारही माझ्याकडे आणि समितीही माझी, हे एकाच माणसाकडे फार होत नाही का? आणि तक्रार नेमकी घ्यायची कशी? आमचे निम्मे लोक लिहून देणार नाहीत. दोघे हिंदीशिवाय बोलत नाहीत.

प्रसाद_गोंदे

तोंडी घ्या. धोरणात स्पष्ट लिहा की तक्रार तोंडी, लेखी, मेसेजवर, कुठल्याही भाषेत चालेल. ऐकणाऱ्याने ती लिहायची, मोठ्याने वाचून दाखवायची, दुरुस्त्या करायच्या, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तारीख घालून एक प्रत तिथल्या तिथे द्यायची. प्रत हातात मिळाली की माणसाला वाटतं आपली गोष्ट हरवणार नाही.

लिहिताना मत लिहू नका. "मला त्रास दिला" याच्यापुढे चौकशी सरकत नाही. कधी, कुठल्या मशिनवर, कोणत्या शब्दांत, कोण जवळ होतं, त्यानंतर काय झालं, हे विचारा. तारीख आठवत नसेल तर "पगाराच्या आदल्या दिवशी", "डिस्पॅच लेट झाला त्या दिवशी" असं चालतं, गेटच्या रजिस्टरवरून तारीख सापडते. तुमच्या केसमध्ये व्हॉइस नोट आहेत. त्या फॉरवर्ड करून घेऊ नका. ज्याच्या फोनवर आहेत त्याच्या फोनवर तारीख-वेळेसकट स्क्रीन रेकॉर्ड करा, चॅट एक्सपोर्ट करा आणि कोणी डिलीट करू नका म्हणून सांगा. नेमकं कोण काय म्हणतंय ते कागदावर उतरवून ठेवा.

एकाच माणसाकडे दोन्ही नको, हे बरोबर. दादागिरीच्या तक्रारीसाठी दोन माणसं नेमा, एक ऑफिसातला, एक शॉपवरचा ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे. दोघांपैकी कोणालाही द्या, फक्त तो आरोप असलेल्याच्या साखळीत नको. दोन दिवसांत पोच, सात दिवसांत दोन्ही बाजू ऐकणं, एकवीस दिवसांत लेखी निर्णय. हे आकडे आमचे आहेत, तुम्ही तुमच्या ताकदीप्रमाणे ठरवा, पण कागदावर आकडा हवाच. "योग्य ती चौकशी" यात कोणालाच काही विचारता येत नाही.

अ‍ॅड_नीलिमा

लैंगिक छळाच्या मार्गातले आकडे मात्र ठरलेले आहेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, ते लेखी नोंदवून. त्या ताईंना लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत मालकाकडे आणि दोन्ही बाजूंना, आणि शिफारशींवर मालकाने ६० दिवसांत अंमल करायचा. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ती जागा. तक्रार आली की पहिल्याच दिवशी ताईंना दुसऱ्या विभागात हलवतात, "तुमच्या सोयीसाठी". म्हणजे तक्रार करणारीचं काम बदललं. चौकशी चालू असताना त्यांनी लेखी मागितलं तर समिती बदलीची शिफारस करू शकते, त्यांची किंवा त्याची. तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते, ही रजा त्यांच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. आणि नियमात एक उपाय आहे जो छोट्या युनिटला फार उपयोगी पडतो: त्यांच्या कामाचा शेरा त्या सुपरवायझरने लिहायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. दुसरी लाइन नाही, दुसरी शिफ्ट नाही अशा ठिकाणी मी आधी हाच मागते.

गुप्ततेबद्दल एक. तक्रारदार, आरोप असलेला, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीत काय झालं ते बाहेर सांगता येत नाही. फाइल कॉमन फोल्डरमध्ये नको, साहेबांच्या केबिनच्या उघड्या कपाटातही नको.

शिफ्टवाला

साहेबांबद्दलच तक्रार असली तर?

अ‍ॅड_नीलिमा

लैंगिक छळाची असेल तर मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणची तक्रारही तिथेच. धोरणात हे एक ओळीत असायलाच हवं, नाहीतर ताईंना वाटतं सगळे रस्ते साहेबांच्या केबिनमधूनच जातात. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

आणि ट्रेनीला ठेवलेलं नाव जातीवरून असेल, तो अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि तो पोलिसांचा विषय होतो. तुमचं धोरण कोणालाही पोलिसात जाण्यापासून थांबवू शकत नाही, हे वाक्यही घाला.

सातपूरकर

मालकाच्या दादागिरीचं काय? पॉशमध्ये स्थानिक समिती आहे, पण मी माझ्याच माणसाचा अपमान केला तर तो कोणाकडे जाणार? मी हे मनापासून विचारतोय. वीस वर्षांत मीसुद्धा नियमाच्या वर नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

प्रसाद_गोंदे

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. काही ठिकाणी बाहेरचा एक माणूस नेमतात, निवृत्त अधिकारी किंवा असोसिएशनमधलं दुसरं युनिट चालवणारं कोणी. तो ऐकतो आणि मालकाला लेखी शिफारस देतो. मालकाने ती नाकारली तर कारण लिहायचं, एवढंच बंधन.

अ‍ॅड_नीलिमा

असोसिएशनमधला माणूस मला पटत नाही. तो मालकांचाच सहकारी, उद्या त्यालाही ऑर्डर हवी असते. पण कोणीच नसण्यापेक्षा बरा हे मान्य.

मधुरा_कॉलेजरोड

एक विचारू का? त्या ट्रेनी मुलाच्या बाबतीत अंगाला हात लावणं वगैरे असतं तर? तो मुलगा आहे म्हणून २०१३ चा कायदा नाही का?

अ‍ॅड_नीलिमा

नाही, त्या कायद्याखाली तक्रार फक्त स्त्रीच करू शकते. पण तुमच्या धोरणात तुम्ही लिहू शकता की पुरुष किंवा तृतीयपंथी व्यक्तीची अशी तक्रारही त्याच गांभीर्याने घेतली जाईल. ती चौकशी कंपनीच्या नियमाखाली होईल, कायद्याखालची नाही, आणि ते कागदावर वेगळं दिसायला हवं. तीच समिती ऐकेल की वेगळी माणसं, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी वेगळी माणसं म्हणते.

वृषाली_अंबड

नवा मसुदा टाकतेय. दोन पानांत बसतो.

हे कोणाला लागू: पगारावरचे, ठेकेदाराचे, रोजंदारीचे, ट्रेनी. आवारात, कंपनीच्या गाडीत, कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि कामामुळे ओळख झालेल्या माणसाला पाठवलेल्या मेसेजमध्ये.

दादागिरी म्हणजे: (प्रसाददादांचं वाक्य आणि आमची सहा उदाहरणं.) दादागिरी नाही: (रिजेक्शन, सेफ्टीचं ओरडणं, कारण देऊन मेमो.)

लैंगिक छळ म्हणजे: नको असताना अंगाला हात लावणे किंवा जवळीक करणे, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे बोलणे, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणे, आणि लैंगिक स्वरूपाचे कोणतेही नको असलेले वर्तन, मग ते शब्दाने असो, इशाऱ्याने असो की मेसेजने.

कोणाला सांगायचं: दादागिरीसाठी नेमलेल्या दोघांपैकी कोणालाही. लैंगिक छळासाठी समितीच्या कोणत्याही सदस्याला. साहेबांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तोंडी चालेल, लिहून घेतलं जाईल, वाचून दाखवलं जाईल, प्रत मिळेल.

पहिल्या दिवशी: ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडून तक्रारदाराची शिफ्ट, ओव्हरटाइम आणि कामाचा शेरा काढून घेतला जाईल. तक्रारदाराने मागितल्याशिवाय त्याची किंवा तिची जागा बदलणार नाही.

सूड: तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून काहीही वाईट केलं तर तो स्वतंत्र गुन्हा धरला जाईल, मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी.

जाणूनबुजून खोटी तक्रार सिद्ध झाली तरच कारवाई. पुरावा कमी पडणे म्हणजे खोटी नव्हे.

पोलिसात जाण्याचा हक्क कायम राहील.

अर्जावर "प्रकार" असा रकाना ठेवलाय, पण तो तक्रारदाराने भरायचा नाही. कोणत्या रस्त्याने न्यायचं ते घेणाऱ्याने ठरवायचं. पॅकिंगच्या ताईंसारखी दोन्ही मिसळलेली असेल तर लैंगिक भाग त्याच दिवशी समितीकडे, आणि उरलेला वेगळा.

प्रसाद_गोंदे

छान झालाय. "स्वतंत्र गुन्हा" ऐवजी "स्वतंत्र गैरवर्तन" लिहा, गुन्हा ठरवणं कोर्टाचं काम. आणि शिक्षेची पायरी हवी: तोंडी समज, लेखी इशारा, सुपरवायझरपद काढणं, निलंबन, नोकरी संपवणं. तुमचा सुपरवायझर चांगला डाय सेटर असेल तर साहेब त्याला "समज" देऊन सोडतील. म्हणून लिहा की दुसऱ्यांदा सिद्ध झालं तर लेखी इशाऱ्यापेक्षा खाली येता येणार नाही.

अ‍ॅड_नीलिमा

"पहिल्या दिवशी" हे दादागिरीच्या तक्रारीला ठीक. लैंगिक छळाच्या मार्गात शेरा काढून घेणं समितीच्या शिफारशीने आणि ताईंच्या लेखी विनंतीवरून करा, तरच नंतर वाद होत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी ताईंना विनंतीचा अर्ज भरायला मदत करायची आणि समितीने त्याच दिवशी बसायचं.

समितीची नावं आणि शिक्षेचे परिणाम ठळक जागी लावणंही कायद्यात आहे. नोटीस बोर्ड ऑफिसच्या दारात असेल तर पॅकिंगच्या बायका तिथे थांबून वाचणार नाहीत.

शिफ्टवाला

बायकांच्या टॉयलेटच्या आत लावा आणि पंचिंग मशिनजवळ हिंदीत. पंचिंगला रांग असते, तेव्हा सगळे वाचतात.

निनावी तक्रार घेणार का? आम्ही पहिली अशीच देतो.

सातपूरकर

निनावी नको. उद्या कोणीही कोणाचंही नाव टाकेल.

प्रसाद_गोंदे

निनावी चिठ्ठीवर चौकशी होत नाही, हे खरं. पण तिच्यावर लक्ष ठेवता येतं: त्या लाइनची रिजेक्शन शीट, शिफ्टचं रजिस्टर, सोडून गेलेल्यांची यादी. एकाच सुपरवायझरच्या हाताखालून एकामागून एक ट्रेनी गेले असतील तर चिठ्ठीला आधार मिळतो. मी पेटी ठेवतो, कारवाई निनावीवर करत नाही.

वृषाली_अंबड

पेटी ठेवावी की नाही यावर साहेब आणि माझं एकमत झालेलं नाही, ते सातपूरकर दादांच्या बाजूचे आहेत. बाकी मसुद्यावर ते सही करतायत. समितीच्या आदेशावर बाहेरच्या सदस्याचं नाव रिकामं आहे. नीलिमा मॅडम, तुम्हाला व्यनि केलाय. त्या ट्रेनीच्या आईलाही फोन केला. तो परत येणार नाही म्हणाला, पण झालं ते लिहून द्यायला तयार आहे. सोडून गेलेल्याची तक्रार दादागिरीच्या मार्गात घ्यायची का?

प्रसाद_गोंदे

घ्या. धोरणात एक ओळ टाका की नोकरी सोडल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत तक्रार देता येईल. सुपरवायझर अजून तिथेच आहे.